क्ष-किरण दूरवर पोचतात, कारण बातमी उशिरा पोचते

वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे मशीन आले की तंत्रज्ञ आधी आवाज देतो, ‘बाजूला व्हा.’ नातेवाईक दाराबाहेर जातात, परिचारिका दोन-तीन पावले मागे सरकतात आणि बटण दाबले जाते. या मागे सरकण्यामागचा हिशेब बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, तिप्पट केले की नवव्या हिश्श्यावर. हाच तो वर्गाचा व्यस्त नियम.

पण शाळेत याच नावाचा आणखी एक नियम शिकवतात. विद्युत प्रभाराचे बलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा कूलोमचा नियम 1785 सालचा. दोन्ही नियम एकच आहेत असे वाटते आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. कूलोमचा नियम सांगतो तो क्षेत्राचा जोर आणि क्ष-किरणांचा नियम सांगतो ती ऊर्जा. ऊर्जा क्षेत्राच्या जोराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे कूलोमचे क्षेत्रच ऊर्जा वाहून नेत असते, तर अंतर दुप्पट केल्यावर तीव्रता चौथ्या नव्हे, सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी होती. प्रत्यक्षात ती चौथ्या हिश्श्यावरच येते. याचा अर्थ, क्ष-किरणांतले विद्युत क्षेत्र अंतराच्या वर्गाने नाही, नुसत्या अंताराच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दहापट, तर क्षेत्र दहावा हिस्सा. प्रभार तोच, इलेक्ट्रॉन तोच, मग त्याचे एक क्षेत्र भराभर विझते आणि दुसरे इतके चिवट कसे?

उत्तर दडले आहे ते उशिरात. सूर्य आपल्याला दिसतो तो सुमारे 8 मिनिटे 20 सेकंदांपूर्वीचा. प्रभाराचेही तसेच असते. इथे या क्षणी त्याचे जे क्षेत्र जाणवते, ते तो आत्ता काय करतो आहे यावर ठरत नाही. प्रकाशाला इथवर यायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळापूर्वी तो काय करत होता, यावर ते ठरते. हा उशीर गणितात मांडला तो डेन्मार्कच्या लुडविग लोरेन्झ यांनी 1867 मध्ये. त्यालाच ‘विलंबित विभव’ म्हणतात. पुढे फ्रान्सच्या लिएनार यांनी 1898 मध्ये आणि जर्मनीच्या वीशर्ट यांनी 1900 मध्ये धावत्या प्रभारासाठी त्याची सूत्रे बसवली.

सूत्रे बाजूला ठेवून चित्र पाहू. फोन नव्हते त्या काळी गावाला निघालेल्या माणसाचा घरचे लोक अंदाज बांधत. गाडी अमुक वाजता सुटली, अमुक वेगाने जाते, म्हणजे आत्ता अमुक स्टेशनजवळ असेल. गाडी ठरल्या वेगाने धावत असेल तोवर हा अंदाज बरोबर येतो. सरळ रेषेत एकाच वेगाने जाणाऱ्या प्रभाराचे क्षेत्र अगदी असेच वागते. बातमी जुनी असली तरी दूरच्या बलरेषा प्रभार आत्ता जिथे असेल त्याच जागेकडे रोखलेल्या असतात. म्हणून एकसारख्या वेगाने जाणारा प्रभार निर्वात जागेत किरण सोडत नाही.

आता समजा, गाडी मध्येच थांबली. ही बातमी जिथवर पोचली तिथवरच्या लोकांचा अंदाज दुरुस्त होतो. त्यापलीकडचे लोक मात्र गाडी पुढे चालली आहे असेच धरून चालतात. प्रभार अचानक थांबला की त्याच्याभोवतीची जागा अशीच दोन भागांत वाटली जाते. आतल्या भागातल्या बलरेषा थांबलेल्या जागेकडे रोखलेल्या, तर बाहेरच्या भागातल्या, तो न थांबता जिथे पोचला असता त्या काल्पनिक जागेकडे. बलरेषा मध्येच तुटू शकत नाही. त्यामुळे दोन भागांच्या मधल्या पातळ कवचात प्रत्येक रेषेला वाकून, बाजूला सरकून पलीकडच्या रेषेला जुळावे लागते. हा जो बाक पडतो, तोच किरण. हे चित्र जे. जे. थॉमसन यांचे. 1903 साली येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ते मांडले होते.

आकडे घालून पाहिले की यातली गंमत उघड होते. एक इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3 हजार किलोमीटर वेगाने धावतो आहे आणि तो एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, थांबतो. तेवढ्या वेळात प्रकाश 30 सेंटीमीटर जातो. म्हणून बाक असलेल्या कवचाची जाडी 30 सेंटीमीटर. कवच बाहेर पसरत गेले तरी ही जाडी बदलत नाही, कारण त्याची आतली आणि बाहेरची कड दोन्ही प्रकाशाच्याच वेगाने धावत असतात. पुढचे सगळे याच एका गोष्टीवर उभे आहे.

इलेक्ट्रॉनच्या मार्गाला काटकोनात, 3 मीटरवर उभे राहून पाहू. बातमी इथे येईपर्यंत न थांबलेला काल्पनिक इलेक्ट्रॉन 3 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे 30 सेंटीमीटर जाडीच्या कवचात बलरेषेला 3 सेंटीमीटर आडवे सरकायचे आहे. आडवे क्षेत्र उभ्या, म्हणजे कूलोमच्या, क्षेत्राच्या दहावा हिस्सा झाले. 30 मीटरवर काल्पनिक इलेक्ट्रॉन 30 सेंटीमीटर पुढे असेल. कवच तेवढेच जाड, त्यामुळे आडवे आणि उभे क्षेत्र बरोबरीचे. 300 मीटरवर तो 3 मीटर पुढे असेल आणि बलरेषेला तेवढ्याच 30 सेंटीमीटरांत 3 मीटर आडवे जावे लागेल. इथे आडवे क्षेत्र उभ्याच्या दहापट.

आता 3 मीटरवरचे उभे क्षेत्र 10,000 धरा. 30 मीटरवर ते 100 होईल आणि 300 मीटरवर 1. आडवे क्षेत्र याच ठिकाणी अनुक्रमे 1,000, 100 आणि 10 भरते. उभे क्षेत्र दर टप्प्याला शंभरावा हिस्सा होत गेले आणि आडवे फक्त दहावा. उभे क्षेत्र वर्गाने घटते, पण बाक अंतराबरोबर तीव्र होत जातो आणि त्यामुळे दोनपैकी एका अंताराची घट भरून निघते. दूर गेल्यावर बाक अधिक तीव्र होतो, कारण दूरवर बातमी जास्त शिळी होऊन पोचते आणि अंदाज तितकाच जास्त चुकलेला असतो.

गणितात हेच वेगळ्या तऱ्हेने दिसते. विभव नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि तो किती वेगाने बदलतो त्यावर क्षेत्र ठरते. एक पाऊल मागे गेले की दोन गोष्टी बदलतात. अंतर वाढते आणि बातमीही किंचित जुनी होते. अंतरामुळे होणारा बदल वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येतो. बातमीच्या वयामुळे होणारा बदल मात्र वाटेत आणखी कमी होत नाही आणि प्रभाराचा वेग बदलत असेल तर हाच भाग किरण होऊन दूर जातो.

ऊर्जेचा हिशेबही इथे जुळतो. अंतर दहापट झाले की आडव्या क्षेत्राचा वर्ग शंभरावा हिस्सा होतो, पण कवचाचे क्षेत्रफळ शंभरपट वाढते. जाडी तीच, म्हणून कवचातली एकूण ऊर्जाही तीच राहते. ती इलेक्ट्रॉनला कायमची सोडून निघालेली असते. उभ्या क्षेत्राची ऊर्जा अशी निघून जात नाही, ती प्रभारालाच चिकटून राहते.

एक्स-रे नळीत नेमके हेच घडते. 100 किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक होतो आणि टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना त्याला करकचून ब्रेक लागतो. या किरणांचे शास्त्रीय नावही ‘ब्रेक लागल्याचे किरण’ अशाच अर्थाचे जर्मन नाव आहे. अणूच्या आकाराच्या अंतरात लागलेल्या या ब्रेकमुळे कवच इतके पातळ होते की वरच्या उदाहरणात 30 मीटरवर आलेली बरोबरीची जागा इथे नळीच्या आतच मागे पडते. रुग्णापर्यंत पोचतो तो फक्त बाक. अर्थात असा ब्रेक फार थोड्यांना लागतो. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतला सुमारे 1 टक्काच किरण होतो, बाकीची उष्णता. हे जुने चित्र एका ठिकाणी अपुरेही पडते. 100 किलोव्होल्टच्या नळीतून 100 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा एकही कण का येत नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुंजभौतिकीच लागते.

नियम खरा आहे याचा पुरावा क्ष-किरण विभागात रोज मिळतो. छातीची फिल्म उभे राहून काढताना नळी 180 सेंटीमीटरवर ठेवतात, म्हणजे हृदयाची सावली फुगत नाही. झोपलेल्या रुग्णाची फिल्म सुमारे 100 सेंटीमीटरवरून निघते. बाकी सगळे तेच ठेवून अंतर 100 वरून 180 केले, तर तेवढीच काळी फिल्म येण्यासाठी मात्रा 3.24 पट द्यावी लागते. क्षेत्र कूलोमसारखे घटत असते, तर ती साडेदहा पट द्यावी लागली असती.

वॉर्डात मागे सरकणाऱ्यांसाठी मात्र एक दुरुस्ती हवी. त्यांच्याकडे येणारे बहुतेक किरण थेट नळीतून येत नाहीत, ते रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात. म्हणून अंतर मोजायचे ते रुग्णापासून. शरीर काही बिंदू नाही, त्यामुळे खाटेला टेकून उभे राहिल्यास ‘दुप्पट अंतर, चौथा हिस्सा’ हा हिशेब बिघडतो. दोन मीटरवर तो बऱ्यापैकी जमतो.

बरोबरीच्या जागेच्या आत राहून चालणारे यंत्रही रुग्णालयात असते, ते म्हणजे एमआरआय. 1.5 टेस्लाच्या यंत्रात सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी वापरतात. त्यांची हवेतली लांबी सुमारे 4.7 मीटर. आंदोलित होणाऱ्या प्रवाहासाठी बरोबरीची जागा लहरीच्या लांबीच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे इथे 75 सेंटीमीटरच्या आसपास. गुडघ्याभोवती किंवा डोक्याभोवती बसवलेले कॉइल त्याहून कितीतरी जवळ असते. म्हणून रुग्णाला भेटते ते दूर निघालेले किरण नव्हे, कॉइललाच चिकटून राहणारे, अंतराबरोबर भराभर विझणारे चुंबकीय क्षेत्र. कॉइल शरीराला घट्ट बसवावे लागते ते यासाठीच, कारण शरीराकडून परत येणारा क्षीण संकेत थोड्याशा अंतरानेही हरवतो. दूरच्या रेडिओ प्रक्षेपकांच्या लहरींचे मात्र तसे नाही. त्या नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटत मैलोन्‌मैल येतात आणि त्या क्षीण संकेतावर कुरघोडी करू शकतात. त्यांना बाहेरच अडवण्यासाठी एमआरआयच्या खोलीच्या भिंती, छत आणि दारही तांब्याच्या पत्र्याने मढवलेले असते.