मीठ किती, ते पाणी ठरवतं

‘मिठामुळे लोणचं का टिकतं?’ या प्रश्नाला गृहविज्ञानाच्या पेपरात बरीच मुलं ‘मीठ जंतूंना मारतं’ एवढंच लिहून मोकळी होतात. हे उत्तर अपुरं आहे. जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तेवढ्या सहजी आत शिरत नाही. बाहेर खारट द्रावण असलं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते आणि तिची वाढ थांबते. हेच परासरण. यात बरेच जंतू मरत नाहीत, नुसते खोळंबतात. म्हणून उत्तरात ‘मारतं’च्या जागी ‘वाढ रोखतं’ लिहावं.

कैरीच्या फोडींचंही तेच होतं. मीठ-हळद चोळून रात्रभर ठेवल्या की सकाळी तळाशी खार सुटलेला असतो आणि फोडी थोड्या आक्रसलेल्या दिसतात. आता हिशेब करू. एक किलो फोडींत साधारण 850 ग्रॅम पाणी असतं. त्यात 150 ग्रॅम मीठ घातलं की पाणी आणि मीठ मिळून 1000 ग्रॅम द्रावण होतं, म्हणजे मीठ 15 टक्के. वर्षभर टिकवायच्या लोणच्याला साधारण एवढं लागतंच. रक्तदाबाच्या धास्तीने मीठ 50 ग्रॅमवर आणलं, तर द्रावण जेमतेम साडेपाच टक्क्यांचं होतं. एवढ्या खारात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू खुशाल वाढतात. खार फेसाळतो, बुडबुडे येतात. मुद्दाम आंबवायच्या लोणच्यात हे हवंच असतं. आपल्या तिखट लोणच्यात नको. कमी मिठाचं लोणचं थोडंच घालावं आणि फ्रीजमध्ये ठेवावं.

साखरेचं तत्त्व हेच, पण प्रमाण फार मोठं. जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर, 68 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. परासरणात वजनाला नव्हे, विरघळलेल्या कणांच्या संख्येला महत्त्व असतं. साखरेचा रेणू मोठा, तर मिठाचे कण लहान आणि पाण्यात दोन भागांत फुटणारे. त्यामुळे एक ग्रॅम मिठातून एक ग्रॅम साखरेच्या जवळपास बारापट कण मिळतात. परीक्षेत हे कारण फारसं कुणी लिहीत नाही, खरं तर गुण इथे द्यायला हवेत.

तेलाचा परासरणाशी संबंध नाही. ते फोडींवर थर धरून हवा अडवतं. ओला चमचा बरणीत गेला की त्या जागचा खार पातळ होतो, तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीला हवा मिळते आणि तिथेच बुरशी धरते. वरची बुरशी काढून खालचं लोणचं वाढण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात आणि ती खारात उतरलेली असू शकतात, तेव्हा अशी बरणी सरळ रिकामी करावी.