चढती रेषा आणि कापलेला अक्ष

गोव्याच्या लोकसंख्येचा एक रेषालेख डोळ्यांसमोर आणा. २००१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १३,४७,६६८ होती, २०११मध्ये ती १४,५८,५४५ झाली. उभा अक्ष १३ लाखांपासून सुरू केला, तर पहिला बिंदू तळापासून सुमारे ४८ हजारांच्या उंचीवर पडतो आणि दुसरा सुमारे १ लाख ५९ हजारांच्या. दुसरा बिंदू पहिल्याच्या तिपटीहून उंच दिसतो. लोकसंख्या मात्र तिप्पट झालेली नाही. ती वाढली केवळ ८.२ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सरासरी एक टक्क्याहूनही कमी. अक्षाखालचे १३ लाख लोक चित्रातून वगळले गेल्यामुळे वाढ अवाढव्य भासते.

म्हणून प्रत्येक अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा असे नाही. स्तंभालेखात तो नियम पाळावाच लागतो, कारण तेथे स्तंभाची लांबी हीच संख्या असते. रेषालेखाचे काम बदल दाखवण्याचे आहे. रुग्णाचा ताप ३७ अंशांवरून ३९ अंशांवर गेला, तर शून्यापासून काढलेल्या आलेखात रेषा जवळजवळ आडवीच दिसेल आणि धोका झाकला जाईल. तेथे अक्ष कापणेच योग्य.

मग तीव्र चढावरून काय समजावे? अक्ष कापल्याने तळापासूनची उंची फसवी होते. तेव्हा ‘किती पट’ हा निष्कर्ष डोळ्यांनी काढू नये. तो आकडे वाचून काढावा. दोन मूल्यांतील फरकाला आधीच्या मूल्याने भागले की वाढीचे खरे प्रमाण मिळते. चढाचा कोन तर आलेखाच्या रुंदीवरही अवलंबून असतो. तोच आलेख अरुंद केला, की चढ आणखी उभा होतो.

एक गोष्ट मात्र कापलेल्या अक्षावरही शाबूत राहते. आडवा आणि उभा अक्ष समान अंतरांनी आखलेला असेल, तर एकाच आलेखातील दोन चढांची तुलना करता येते, कारण दोन्ही सारखेच ताणले जातात. आपल्या आलेखात १९९१ची ११,६९,७९३ ही संख्या जोडून अक्ष ११ लाखांपासून काढू या. आता दिसते, की पहिल्या दशकात सुमारे १ लाख ७८ हजार लोक वाढले आणि दुसऱ्या दशकात १ लाख ११ हजार. रेषा वर जाते, पण २००१पाशी ती वाकून सौम्य होते. वाढीचा दर १५.२ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर उतरला होता.

केवळ दोन बिंदूंचा आलेख पाहून ‘राज्याची लोकसंख्या भडकली’ असे म्हणणाऱ्याला आकडा चुकीचा मिळालेला नसतो. वाढ मंदावल्याचे सांगणारा तिसरा बिंदू त्याच्यासमोर नसतो. आलेख पाहताना आधी अक्षाच्या तळाचा आकडा वाचावा आणि मग डावीकडे कोणती वर्षे गाळली आहेत तेही पाहावे.