तीन टिंबांच्या पलीकडे किती उरते?

तीस अंशांचा साइन म्हणजे अर्धा, हे समभुज त्रिकोण मधोमध कापून दाखवता येते. पंचेचाळीस अंशांचा साइन चौरसाच्या कर्णातून मिळतो. दहा अंशांचा साइन मात्र शाळेतल्या कोणत्याच ओळखीच्या आकृतीतून हाती लागत नाही. तो काढायचा तर पाठ्यपुस्तकातल्या या ओळीकडे वळावे लागते:

sin x = x − x³/3! + x⁵/5! − x⁷/7! + …

यात 3! म्हणजे १ × २ × ३ = ६, 5! म्हणजे १२०, आणि पुढे तसेच. कोन रेडियनमध्ये घ्यायचा. अशा श्रेढीला इंग्लंडच्या ब्रूक टेलर यांचे नाव आहे. १७१५ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात तिची सर्वसाधारण रीत आली. साइनची ही विशिष्ट श्रेढी मात्र त्याच्या तीनेकशे वर्षे आधी केरळात माधवांच्या परंपरेला ठाऊक होती. ज्येष्ठदेवांच्या मल्याळम ‘युक्तिभाषा’ ग्रंथात तिची उपपत्तीही दिलेली आहे.

सहगुणक कुठून येतात हे समजणे कठीण नाही. आपण अशी बहुपदी शोधतो, जिची शून्यापाशी किंमत साइनइतकी, चढ साइनइतका, चढ बदलण्याचा दर साइनइतका, आणि असे पुढे जितके जमेल तितके. या दरांना अवकलज म्हणतात. ते सगळे एकाच बिंदूपाशी जुळवले की टेलर बहुपदी तयार होते. पण जुळवणी फक्त शून्यापाशी केलेली आहे. शून्यापासून दूर, x पाशी, ती बहुपदी साइनच्या जवळ का असावी? आणि त्या तीन टिंबांच्या जोरावर मधे बरोबरचे चिन्ह लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खऱ्या किमतीतून बहुपदीची किंमत वजा केली की जे उरते, त्याला शेष म्हणतात. शेष नेमका किती हे सहसा कळत नाही. तो कळला असता तर खरी किंमतच कळली असती आणि हा सारा खटाटोप करावा लागला नसता. म्हणून शेष मोजायचा नसतो, त्याला वरून मर्यादा घालायची असते. तो अमुक आकड्यापेक्षा मोठा असूच शकत नाही, एवढे सिद्ध झाले तरी पुरते.

साइनच्या बाबतीत ही मर्यादा इतक्या साध्या विचारातून निघते की ती प्रत्येकाने एकदा स्वतः काढून पाहावी. दोन गाड्या एकाच जागेवरून एकाच वेळी निघाल्या आणि पहिलीचा वेग कधीच दुसरीपेक्षा जास्त झाला नाही, तर पहिली दुसरीच्या पुढे जाऊ शकत नाही. आता साइनचा ‘वेग’ म्हणजे कोसाइन, आणि कोसाइन कधीही १ पेक्षा मोठा नसतो. x चा वेग कायम १ असतो. दोघे शून्यापासून निघतात, म्हणून धन x साठी sin x ≤ x.

कोसाइन १ पासून सुरू होतो आणि साइनच्या वेगाने खाली येतो. साइन x पेक्षा मोठा नाही, म्हणजे कोसाइन फार वेगाने उतरू शकत नाही. त्यामुळे cos x ≥ 1 − x²/2. हाच विचार आणखी एकदा केला की sin x ≥ x − x³/6 मिळते. मग पुन्हा कोसाइनकडे, पुन्हा साइनकडे. दर फेरीला असमानतेची दिशा उलटते आणि एक पद वाढते. शेवटी साइन दोन बाजूंनी कोंडला जातो:

x − x³/6 ≤ sin x ≤ x − x³/6 + x⁵/120

या ओळीत कुठेही टिंबे नाहीत आणि ‘साधारणतः’ नाही. प्रत्येक धन x साठी ती पूर्ण खरी आहे.

आता दहा अंश घेऊ. रेडियनमध्ये ते π/18, म्हणजे ०.१७४५३२९२५. (इथे चुकून १० हाच आकडा ठेवला तर उत्तर शेकड्यात जाईल आणि चूक लगेच दिसेल.) x³/6 होते ०.०००८८६०९६. वजाबाकी केल्यावर ०.१७३६४६८२९ हे उत्तर मिळते. चूक किती असेल? वरच्या कोंडीनुसार जास्तीत जास्त x⁵/120, म्हणजे ०.००००० १३५. म्हणजे साइन ०.१७३६४६८२९ आणि ०.१७३६४८१७९ यांच्या मधे कुठेतरी आहे, असे आपण कॅल्क्युलेटरकडे न बघता शपथेवर सांगू शकतो. नऊ दशांश स्थळांपर्यंत खरी किंमत ०.१७३६४८१७८ आहे. फक्त दोन पदे घेऊन एवढी अचूकता मिळाली, आणि ती मिळाल्याची हमीही.

साइनला जे गाड्यांच्या विचाराने जमले, ते इतर फलनांसाठी जोसेफ-लुई लाग्रांज यांनी १७९७ च्या पुस्तकात एका सूत्रात मांडले. n व्या घातापर्यंतची बहुपदी घेतली तर शेष असा असतो:

R = f⁽ⁿ⁺¹⁾(c) · xⁿ⁺¹ / (n+1)!

हे श्रेढीतल्या पुढच्या पदासारखेच दिसते. फरक एवढाच की अवकलज शून्यापाशी न घेता, शून्य आणि x यांच्या मधल्या कुठल्यातरी c या बिंदूपाशी घेतलेला आहे. हा c कुठे आहे ते सूत्र सांगत नाही, आणि विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. ते c शोधायला निघतात. c शोधायचा नसतो. त्या सगळ्या पट्ट्यात अवकलज जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो ते पाहायचे आणि तो आकडा c च्या जागी धरायचा. साइनचे सगळे अवकलज साइन किंवा कोसाइनच, फार तर ऋण चिन्हासह. म्हणून ते १ ची मर्यादा ओलांडत नाहीत आणि काम सोपे होते.

इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. x − x³/6 ही तिसऱ्या घाताची बहुपदी आहे म्हणून n = 3 धरला, तर दहा अंशांसाठी मर्यादा x⁴/24 येते, म्हणजे सुमारे ०.००००३९. ती खोटी नाही, पण खऱ्या चुकीच्या जवळजवळ तीसपट ढिली आहे. साइनच्या श्रेढीत चौथ्या घाताचे पद शून्य असते, म्हणून हीच बहुपदी चौथ्या घातापर्यंतचीही आहे. n = 4 घ्यायला आपण मोकळे आहोत, आणि तसे केले की x⁵/120 ही घट्ट मर्यादा मिळते.

आता बरोबरच्या चिन्हाचा प्रश्न. शेषाची मर्यादा |x|ⁿ⁺¹/(n+1)! आहे. पदे वाढवत गेल्यावर ती शून्याकडे गेली, तरच श्रेढी साइनइतकी आहे असे म्हणता येते. x = 10 रेडियन घेऊन पाहू. 10ⁿ/n! हा आकडा आधी फुगतो. n = 10 ला तो २७५५ च्या पुढे असतो. विसाव्या पायरीवर ४१, तिसाव्या पायरीवर ०.००३८, चाळिसाव्या पायरीवर एक कोटीतल्या एका भागाहूनही कमी. कारण उघड आहे: दहाव्या पायरीनंतर दर वेळी वर १० ने गुणले जाते आणि खाली ११, १२, १३ ने भागले जाते. x कितीही मोठा घेतला तरी एक वेळ अशी येतेच, जिथून भागाकार जिंकत जातो. त्यामुळे साइनची श्रेढी प्रत्येक x साठी खरी आहे.

सिद्धता पूर्ण झाली, पण हिशेब करणाऱ्याने सावध राहायला हवे. १० रेडियनचा साइन −०.५४४ आहे, आणि तो मिळवायला २७५५ सारखी पदे एकमेकांतून वजा करावी लागतात. आठ अंकी यंत्रावर त्यातले चार अंक पूर्णांकातच खर्ची पडतात. म्हणून जाणकार आधी १० मधून 3π वजा करतात. उरतो ०.५७५२, आणि sin 10 = −sin 0.5752. आता तीनच पदांत शेष ०.०००००४२ च्या आत येतो.

श्रेढीची बेरीज ठरावीक आकड्याकडे जाते म्हणजे ती फलनाचीच किंमत असणार, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे, आणि ऑगस्टिन-लुई कोशी यांनी १८२० च्या दशकात ते एका उदाहरणाने दाखवून दिले. f(x) = e^(−1/x²) हे फलन घ्या आणि शून्यापाशी त्याची किंमत ० ठरवा. शून्याजवळ ते इतके सपाट आहे की तिथले त्याचे सर्व अवकलज शून्य निघतात. म्हणून त्याची टेलर श्रेढी ० + ० + ० + … अशी होते. तिची बेरीज सगळीकडे बिनतक्रार शून्य. पण x = 1/2 ला फलनाची किंमत e⁻⁴ आहे, म्हणजे सुमारे ०.०१८३. पदे दहा घ्या की दहा हजार, शेष ०.०१८३ च राहतो, कारण शेष म्हणजे इथे संपूर्ण फलनच. लाग्रांजचे सूत्र याही फलनाला लागू आहे. फक्त शून्याच्या बाजूच्या c पाशी याचे अवकलज इतक्या वेगाने वाढतात की (n+1)! त्यांना आवरू शकत नाही. माझ्या मते हे उदाहरण टेलर श्रेढीच्या पहिल्याच तासाला दाखवायला हवे. ते पाहिल्याशिवाय शेष हा निव्वळ परीक्षेपुरता उपचार वाटत राहतो.

आणखी एक सवय धोक्याची आहे: ‘सोडलेले पहिले पद म्हणजे कमाल चूक’. साइनमध्ये चिन्हे आलटून पालटून येतात आणि लहान x साठी पदे घटत जातात, म्हणून तिथे हे चालते. पण e = 1 + 1 + 1/2! + 1/3! + … मध्ये सगळी पदे धन आहेत. 1/7! पर्यंत बेरीज २.७१८२५४ येते, आणि खरी किंमत २.७१८२८२ आहे. चूक ०.००००२७९, तर सोडलेले पहिले पद 1/8! फक्त ०.००००२४८. चूक पदाहून मोठी निघाली. लाग्रांजच्या सूत्रात इथे eᶜ येतो, आणि c शून्य व एक यांच्या मधे असल्यामुळे तो e पेक्षा लहान. पण e च तर काढायचा आहे! मग e ची श्रेढी 1 + 1 + 1/2 + 1/4 + 1/8 + … या मोठ्या श्रेढीशी ताडून पाहायची. तिची बेरीज ३, म्हणून e ३ च्या आत. शेष 3/8! पेक्षा, म्हणजे ०.००००७५ पेक्षा कमी. ही मर्यादा थोडी सैल आहे, पण खात्रीची आहे.

वाचकांनी वीस अंशांसाठी हाच हिशेब कागदावर करून पाहावा. कोन दुप्पट झाला की x⁵/120 बत्तीसपट होते, म्हणून चूक ०.००००४३२ च्या आत राहायला हवी. x − x³/6 मधून ०.३४१९७७ मिळते आणि खरी किंमत ०.३४२०२० आहे.