पेपर टाकल्यानंतरचे नव्वद दिवस

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत राजीनामा देण्याला ‘पेपर टाकणं’ म्हणतात. पेपर टाकणं एका मिनिटाचं काम असतं. पोर्टलवर कारण निवडायचं, बटण दाबायचं, की शेवटच्या दिवसाची तारीख समोर येते. ती बहुधा ९० दिवसांनंतरची असते. तिकडे नव्या कंपनीला माणूस महिना-दीड महिन्यात हवा असतो. या दोन तारखांमधलं अंतर कमी कसं करायचं आणि त्याची किंमत कोणी भरायची, यावर पुढचे काही आठवडे चर्चा चालते. नोटीस पिरियडचा बायआउट म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं. आणि काहीच न भरता कंपनीने उरलेले दिवस माफ केले, तर त्याला वेव्हर म्हणतात.

पैसे भरायची तयारी असली की सुटका नक्की, असा समज सर्रास दिसतो. तो बरोबर की चूक, हे नेमणूकपत्रातलं एक वाक्य ठरवतं. काही पत्रांत ‘दोन्हीपैकी कोणत्याही पक्षाला ९० दिवसांची नोटीस देऊन किंवा तेवढ्या दिवसांचं वेतन देऊन करार संपवता येईल’ असं लिहिलेलं असतं. तिथे पैसे भरून निघण्याचा पर्याय कर्मचाऱ्याच्या हातात आहे. पण अनेक मोठ्या कंपन्यांच्या पत्रात याच वाक्याला एक शेपूट असतं: नोटीसऐवजी रक्कम स्वीकारायची की नाही, हे कंपनी ठरवेल. मग बायआउट हा हक्क उरत नाही, त्यासाठी परवानगी लागते. तेव्हा बोलणी सुरू करण्याआधी हे वाक्य शोधावं. तेही रुजू होतानाच्या पत्रात नव्हे, तर सगळ्यात अलीकडच्या पत्रात. बढतीच्या किंवा पगारवाढीच्या पत्रात नोटीस ६० दिवसांची ९० झालेली असते आणि वाढलेल्या आकड्याच्या आनंदात ती ओळ कोणी वाचलेली नसते.

त्याच कलमातला दुसरा शब्द खिशाशी संबंधित आहे. वसुली ‘बेसिक’वर होणार की ‘ग्रॉस’वर? फरक किती पडतो, ते एका नमुना हिशेबाने पाहू.

खराडीतली एक अभियंता घेऊ. पॅकेज १८ लाखांचं, महिन्याचा ग्रॉस पगार १ लाख ३५ हजार, त्यातला बेसिक ६० हजार. तिने २ जूनला राजीनामा दिला, म्हणजे ९० दिवस ३१ ऑगस्टला भरतात. नवी कंपनी २१ जुलैला बोलावते, म्हणून तिला १८ जुलैला, शुक्रवारी, निघायचं आहे. १९ जुलैपासून ३१ ऑगस्टपर्यंत ४४ दिवस कमी पडतात. तीस दिवसांचा महिना धरला तर बेसिकचा रोजचा दर २,००० रुपये आणि ग्रॉसचा ४,५००. बेसिकवर वसुली झाली तर ८८ हजार भरावे लागतील आणि ग्रॉसवर झाली तर १ लाख ९८ हजार. माणूस तोच, दिवस तेवढेच, आणि एका शब्दामुळे रक्कम दुपटीहून जास्त झाली.

तिच्या खात्यात १२ दिवसांची अर्जित रजाही शिल्लक आहे. रजेचे पैसे साधारणपणे बेसिकच्या दराने मिळतात, म्हणजे २४ हजार. पण वसुली ग्रॉसवर असेल आणि कंपनी रजा नोटीसच्या दिवसांत वळती करू देत असेल, तर त्याच १२ दिवसांनी ५४ हजार वाचतात. ही मुभा प्रत्येक कंपनी देत नाही. काही ठिकाणी नोटीसच्या काळात घेतलेली रजा उलट शेवटची तारीख पुढे ढकलते. म्हणून राजीनाम्याआधी रजेचं धोरण वाचलेलं बरं. बाहेर पडणाऱ्यांतले बहुतेक जण हा हिशेब मांडतच नाहीत, रजेचे पैसे मिळाले यातच समाधान मानतात. ते नुकसान टाळता येण्यासारखं असतं.

आता कंपनीच्या बाजूने पाहू, कारण बोलणी तिथेच अडतात. आयटी सेवा कंपनीचा ग्राहक प्रत्येक माणसामागे दर महिन्याला पैसे मोजतो. माणूस अचानक गेला तर बिलिंग थांबतं. त्याच्या जागी येणाऱ्याला अनेकदा ग्राहकाची मंजुरी लागते, कधी ग्राहक स्वतः मुलाखत घेतो. आणि बाहेरून माणूस घ्यावा, तर तोही आपल्या कंपनीत ९० दिवस अडकलेला! म्हणजे सगळ्यांनी लांब नोटीस लावल्यामुळेच प्रत्येकाला ती सोडवत नाही. याउलट, बेंचवर बसलेल्या माणसाने पेपर टाकला तर त्याला दोन आठवड्यांतही मोकळं करतात, कारण त्याचा पगार वाचतो. तेव्हा मॅनेजरचा नकार रागातून आला असं धरून चालू नये. त्याला चिंता असते ती ग्राहकाच्या तक्रारीची, आणि बायआउटचे एक-दोन लाख ती चिंता दूर करत नाहीत.

म्हणूनच ‘सर, मला कधीपर्यंत सोडाल?’ असा मोकळा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं: ‘पॉलिसीप्रमाणे’. आपल्या उदाहरणातली अभियंता जरा वेगळी तयारी करून जाते. तिच्याकडे दोन मॉड्यूल आहेत. पहिल्याचं काम तिच्यासोबत आधीपासून करणारा सहकारी आहे, दुसऱ्याचं फक्त तिलाच येतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक रिलीज आहे. ती एका पानावर लिहून देते: रिलीज पूर्ण करून जाईन, पहिलं मॉड्यूल जूनमध्ये सोपवते, दुसऱ्याचं केटी चार आठवडे, त्यानंतर एक आठवडा नवा माणूस काम करेल आणि मी फक्त पाहीन. शेवटी तारीख, १८ जुलै. मॅनेजर ८ ऑगस्ट म्हणतो. दुसऱ्या मॉड्यूलसाठी माणूस मिळायला आठवडा जाईल, हे त्याचं म्हणणं खरं असतं. ती नव्या कंपनीकडून आठवडा वाढवून घेते आणि २५ जुलैवर एकमत होतं. आता ३७ दिवस कमी पडतात, रजेचे १२ वळते झाले की २५ उरतात. ग्रॉसने १ लाख १२ हजार ५०० रुपये.

ही चर्चा एचआरशी नव्हे, आधी मॅनेजरशी करायची असते. एचआरला एकाला दिलेली सवलत उद्या दहा जण मागतील याची काळजी असते. मॅनेजरने मेलवर होकार दिला, तर एचआर सहसा आडवं येत नाही. तोंडी होकाराला मात्र काही अर्थ नाही. पोर्टलवरची शेवटची तारीख बदलली का, हे पाहावं. ती ३१ ऑगस्टच राहिली आणि माणूस २५ जुलैला गेला, तर यंत्रणेच्या लेखी तो न सांगता गैरहजर ठरतो. त्यातून ‘ॲब्स्कॉन्डिंग’चा शेरा बसतो आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीत तो वर येतो.

ही १ लाख १२ हजारांची रक्कम नव्या कंपनीने द्यावी, अशी मागणी करता येते आणि घाई त्यांची असेल तर ती मान्यही होते. ती ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावी: कमाल किती, कोणत्या कागदांवर, कधी मिळणार आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करावी लागणार का. बहुतेक ठिकाणी ती परतफेडच असते. म्हणजे आधी जुन्या कंपनीने अंतिम हिशेबात कापून घ्यायचे, मग तो हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर दाखवल्यावर नवी कंपनी पगारासोबत देणार. पगारासोबत आली की त्यावर कर लागतो. तिचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेलं असेल, तर उपकरासह ३५ हजार १०० रुपये करात जातील आणि हातात ७७ हजार ४०० उरतील. सगळे पैसे भरून हवे असतील तर करासकट रक्कम मागायला हवी, आणि ती ऑफर स्वीकारण्याआधीच.

कर दुसऱ्या बाजूनेही चावतो. जुन्या कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये अनेकदा कापलेली रक्कम वजा न करता पूर्ण पगार दाखवलेला असतो, म्हणजे हातात न आलेल्या पैशांवरही कर. अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये अशा एका प्रकरणात, नोटीसपोटी कापलेली रक्कम वगळून प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावरच कर लागेल असं म्हटलं. विवरणपत्र भरताना हा मुद्दा सनदी लेखापालाला जरूर विचारावा. जीएसटीचा प्रश्न मात्र निकाली निघाला आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही. अंतिम हिशेबात १८ टक्क्यांची ओळ दिसली, तर ती काढून टाकायला सांगता येतं.

आणि कंपनीने काहीच मानलं नाही तर? एखाद्याला मनाविरुद्ध नोकरीत काम करायला कोर्ट भाग पाडत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये व्यक्तिगत सेवेचे करार त्या मार्गाने अमलात आणता येत नाहीत. पण पैसे मागण्याचा कंपनीचा अधिकार त्यामुळे संपत नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई मागता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीचा खर्च आणि वेळ पुन्हा द्यावा लागतो, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. ते प्रकरण किमान सेवेच्या अटीचं होतं, नोटीस पिरियडचं नव्हे. तरीही ‘असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत’ या कँटीनमधल्या सल्ल्यावर विसंबून निघून जाणं धोक्याचं आहे.

प्रत्यक्षात असे वाद कोर्टापर्यंत क्वचितच जातात. कंपनीचं बळ रिलीव्हिंग लेटर आणि अंतिम हिशेबात असतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे, तर आजवरचा रिवाज महिना-दीड महिन्याचा. रक्कम अडकली तर मागणी लेखी करताना या तरतुदीचा उल्लेख उपयोगी पडतो.

पीएफचं खातंही तपासावं. जुन्या कंपनीने ३१ ऑगस्ट आणि नव्या कंपनीने २८ जुलै अशी तारीख नोंदवली, तर एकाच महिन्यात दोन नोकऱ्या दिसतात आणि पुढे पैसे वर्ग करताना अर्ज अडतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो.