शुक्रवारचा ताळेबंद

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. सकाळी साडेपाचला तो टेबलाशी बसे. त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने एका म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा लावून दिले होते. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, या चालीने तो लिहीत सुटे आणि न्याहारीआधी लेखणी खाली ठेवी. जन्मभर नोकरी करूनच जगायचं आहे अशा थाटात सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस १८८२ साली गेला. पुढच्या वर्षी त्याचं आत्मचरित्र छापून आलं आणि त्यात त्याने आपली वही वाचकांपुढे उघडी केली.

नवी कादंबरी सुरू करताना तो एक रोजनिशी आखी. ती पुरी करायला जितके आठवडे ठरवलेले असत, तितक्या आठवड्यांची. रोज किती पानं झाली ते त्यात मांडायचं. पान म्हणजे २५० शब्द, आणि शब्द अंदाजाने धरायचे नाहीत, एकेक मोजायचा. आठवड्याला सरासरी चाळीस पानं, म्हणजे १०,००० शब्द. कधी वीसच पानं झाली, तर एका आठवड्यात ११२. एखादा दिवस आळसात गेला की ती रिकामी जागा रोज डोळ्यांसमोर येई, आणि वही ठेवण्यामागे त्याचा हेतूही तोच होता. हे सगळं वाचून लेखणी म्हणजे प्रतिभेचा झरा मानणाऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. आज मात्र प्रबंध लिहिणारी कितीतरी माणसं नकळत त्याचीच वही चालवत असतात, फक्त ती एक्सेलमध्ये असते.

आपल्याकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांतून एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून प्रगती सांगावी लागते. सहा महिने ही फार लांबची मुदत आहे. गाडी रुळावरून घसरल्याचं तेव्हा कळलं, तर ती घसरून चार महिने झालेले असतात. म्हणून बरेच मार्गदर्शक आणि त्याहून जास्त विद्यार्थी स्वतःहून आठवड्याचा अहवाल सुरू करतात: या आठवड्यात काय केलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय, आणि शेवटी एक आकडा, एकूण शब्द. पहिल्या तीन गोष्टी कशाही मोघम लिहिता येतात. ‘वाचन सुरू आहे’ हे वाक्य वर्षभर पुरतं. आकड्याला असं मोघम राहता येत नाही, म्हणूनच त्याचा धाक वाटतो. पण हाच आकडा सहज फसवतो, आणि तो कसा फसवतो हे पाहायला एक हिशेब मांडायला हवा.

समजा, एक प्राध्यापिका नोकरी सांभाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या घोंगडी विणकरांवर प्रबंध लिहीत आहेत. ठरवलेली लांबी ६०,००० शब्द. दर शुक्रवारी रात्री फाइल मिटण्याआधी त्या एकूण शब्दांचा आकडा टिपतात. तेराव्या आठवड्याअखेर तो होता ३१,२००. त्यापुढचे तीन शुक्रवार असे: ३०,७००, मग ३१,६००, मग ३६,४००.

नुसते आकडे पाहणारा म्हणेल, चौदावा आठवडा वाया गेला, पंधराव्यात जरा हातपाय हलले आणि सोळाव्यात बाईंनी कमाल केली. झालं होतं बरोबर उलट.

चौदाव्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की लोकर कातण्यावरचा भाग आणि मागावरचा भाग एकच गोष्ट दोनदा सांगताहेत. त्यांनी दोन्ही मोडून एकच भाग नव्याने लिहिला. जुने ३,४०० शब्द गेले, नवे २,९०० आले. एकूण आकडा ५०० ने घटला. खरं तर तीन महिन्यांतला हा सगळ्यात कष्टाचा आठवडा होता. पंधराव्यात १,१०० नवे लिहिले, २०० काढले. आणि सोळाव्यात? त्या आठवड्यात महाविद्यालयात परीक्षा होत्या. एका रात्री त्यांनी दोन विणकरांच्या मुलाखतींचं शब्दांकन प्रकरणात जसंच्या तसं चिकटवलं. ते ३,१०० शब्द. स्वतःचे म्हणावे असे १,७००.

हा फरक पकडायला काही मोठी यंत्रणा लागत नाही. लागते ती एक दुसरी फाइल. तिला ‘वगळलेलं’ असं नाव द्यायचं. प्रबंधातून जे जे काढाल ते पुसून न टाकता या फाइलमध्ये आणून ठेवायचं. परिच्छेद पुसताना जीव कळवळतो, तो असा कळवळत नाही, हा वरचा फायदा. शुक्रवारी दोन्ही फाइलींचे शब्द टिपायचे. वगळलेल्या फाइलीत आठवड्यात जितकी भर पडली, तितके शब्द कापले गेले. आणि या शुक्रवारच्या आकड्यातून गेल्या शुक्रवारचा आकडा वजा करून त्यात कापलेले शब्द मिळवले, की नवे लिहिलेले किती ते निघतं. चौदाव्या आठवड्याचं गणित असं: ३०,७०० वजा ३१,२००, अधिक ३,४००, बरोबर २,९००. उसने शब्द, म्हणजे मुलाखती, लांब अवतरणं, कागदपत्रांतले उतारे, निवडून वेगळे मोजायचे आणि तिसऱ्या रकान्यात टाकायचे.

जागच्या जागी घासलेलं वाक्य मात्र या हिशेबातून निसटतं. एक परिच्छेद दिवसभर सुधारला आणि १४० शब्दांचा होता तो १४० शब्दांचाच राहिला, तर तिन्ही रकाने त्या दिवसाबद्दल गप्प राहतात. त्यासाठी अहवालात एक ओळ शब्दांत लिहावी लागते. ‘प्रकरण तीनचा शेवट पुन्हा लिहिला’ एवढी पुरते.

आता हा खटाटोप का, ते पाहा. समितीपुढे हमखास प्रश्न येतो: कधी पुरं होणार? बाईंनी नुसत्या एकूण आकड्यावरून उत्तर काढलं, तर तीन आठवड्यांत ५,२०० शब्दांची वाढ, आठवड्याला साधारण १,७३३. उरले २३,६००. म्हणजे चौदा आठवडे. उसने शब्द बाजूला काढले तर तीन आठवड्यांची खरी वाढ उणे ५००, अधिक ९००, अधिक १,७००, मिळून २,१००. आठवड्याला ७००. स्वतःचे शब्द झाले ३३,३०० आणि उरले २६,७००. त्याला लागतील अडतीस आठवडे. एकच प्रबंध, एकच माणूस, तेच तीन शुक्रवार, आणि दोन उत्तरांत साडेपाच महिन्यांचं अंतर. तीन आठवड्यांवरून भाकीत करणं तसंही धाडसाचंच. आठ-दहा आठवडे जमले की आकडा जरा स्थिरावतो. पण चौदा आठवड्यांचा शब्द देऊन बसलेल्या माणसाची चौदाव्या आठवड्यात काय अवस्था होते, ते विद्यापीठाच्या कोणत्याही वसतिगृहात पाहायला मिळतं.

मोजण्यातही खाचखळगे आहेत. वर्डमध्ये खालच्या पट्टीतल्या शब्दसंख्येवर टिचकी मारली की एक चौकट उघडते आणि तिच्यात Include textboxes, footnotes and endnotes अशी एक खूण असते. इतिहासाच्या प्रबंधात तळटीपांचं रान माजलेलं असतं. एका शुक्रवारी ही खूण लागलेली आणि पुढच्या शुक्रवारी नसलेली, तर एक अक्षरही न लिहिता आकडा हजारांनी हलतो. संदर्भसूची त्याच फाइलीत असेल तर तिचेही शब्द मोजले जातात. खूण ठेवावी की काढावी हे विद्यापीठाचा नियम पाहून एकदाच ठरवावं आणि मग हात लावू नये.

मराठीचं आणखी एक निराळं. यंत्राच्या लेखी दोन रिकाम्या जागांमधलं जे काही असेल तो एक शब्द. ‘शाळेसमोरच्या झाडाखाली मुलं बसली होती’ हे वाक्य त्याला पाच शब्दांचं दिसतं. हेच हिंदीत ‘बच्चे स्कूल के सामने वाले पेड़ के नीचे बैठे थे’ असं लिहिलं की दहा शब्द होतात. इंग्रजीत तर बारा-एक लागतील. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून बसतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो. केंब्रिजमध्ये इतिहासाच्या पीएच.डी. प्रबंधाला ८०,००० शब्दांची मर्यादा असते. असा एखादा आकडा ऐकून मराठीत लिहिणाऱ्याने तेच उद्दिष्ट भिंतीवर चिकटवलं, तर तो बिचारा कितीतरी जास्त मोठं पुस्तक लिहायला बसलेला असतो. दिवसाला हजार शब्द वगैरे इंग्रजी पुस्तकांतले सल्लेही याच हिशेबाने खाली आणायला हवेत.

आणि पीएडीएफमधून मराठी उतारा उचलून चिकटवणाऱ्याने सावध राहावं. जुन्या फाँटमधल्या फाइलींतून अक्षरं बऱ्याचदा सुटी होऊन येतात. ‘पुस्तकात’चं ‘पु स्त का त’ होतं आणि यंत्र त्याचे चार शब्द धरतं. आकडा अचानक फुगला आणि तेवढं लिहिल्याचं आठवत नसेल, तर आधी तिथे पाहावं.

ट्रॉलपला यातलं काहीच छळत नव्हतं. तो स्वतःच्या डोक्यातलं लिहीत होता, मुलाखती चिकटवत नव्हता, आणि पान पुरं झालं की ते बहुतेक पुरंच असे. त्याच्या वहीला एकच रकाना पुरला. अर्नेस्ट हेमिंग्वेही रोजचे शब्द पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूवर मांडून भिंतीला लावत असे. १९५८ साली छापलेल्या त्याच्या एका मुलाखतीत त्यातले आकडे दिलेले आहेत: ४५०, ५७५, ४६२, १,२५० आणि पुन्हा ५१२. बाराशे पन्नास लिहायचे ते दुसऱ्या दिवशी मनाला टोचणी न लागता समुद्रावर मासेमारीला जाता यावं म्हणून. त्याच्याही पुठ्ठ्यावर कापाकापीचा रकाना नव्हता, आणि कादंबरी ठरल्या मुदतीत द्यायची कुणा समितीला त्याने कबुलीही दिलेली नव्हती.

बाईंच्या सतराव्या आठवड्याची नोंद अशी आहे. नवे ६००. कापले २,६००. एकूण ३४,४००. खाली एक ओळ: ‘मुलाखती परिशिष्टात हलवल्या. प्रकरणात त्यांतले ५००च शब्द ठेवले, कारण घोंगडीच्या काठाबद्दल आजोबा जे बोलले ते माझ्या शब्दांत सांगता येत नाही.’