बिग ओ: स्थिरांक का सोडून द्यायचा?

संचलनाआधी कॅडेट्सना उंचीप्रमाणे उभे करतात. हेच काम संगणकाला सांगायचे झाले तर त्याच्या दोन रीती पाहू.

पहिली रीत 'इन्सर्शन सॉर्ट'. एकेक कॅडेट पुढे येतो आणि आधी लागलेल्या रांगेत शेवटापासून एकेकाशी उंची ताडून आपली जागा शोधतो. नशीब अगदीच वाईट असेल तर प्रत्येक नव्या कॅडेटला रांगेतल्या सर्वांशी तुलना करावी लागते. दुसऱ्याला १, तिसऱ्याला २, अशी बेरीज करत गेल्यास n कॅडेट्ससाठी n(n-1)/2 तुलना होतात.

दुसरी रीत 'मर्ज सॉर्ट'. प्रथम दोघादोघांच्या रांगा लावायच्या. मग दोन रांगा समोरासमोर घेऊन, पुढच्या दोघांपैकी उंच असेल त्याला नव्या रांगेत पाठवत, त्यांची एक रांग करायची. प्रत्येक फेरीत रांगेची लांबी दुप्पट होते, आणि एका फेरीत जास्तीत जास्त n तुलना लागतात. ४८० कॅडेट्स असतील तर ९ फेऱ्या पुरतात, कारण २ चा नववा घात ५१२ आहे. म्हणून एकूण काम सुमारे n × log₂n.

मात्र दुसऱ्या रीतीत प्रत्येक तुलनेमागे इतर खटाटोप जास्त असतो. नव्या रांगेसाठी वेगळी जागा लागते आणि सगळ्यांना पुन्हा पुन्हा हलवावे लागते. समजा, त्यामुळे तिची प्रत्येक तुलना आठपट महाग पडते. हा आठ म्हणजे स्थिरांक. आता हिशेब पाहा.

| कॅडेट्स | इन्सर्शन सॉर्ट | मर्ज सॉर्ट (आठपट धरून) |
|---|---|---|
| ३० | ४३५ | १,२०० |
| ४८० | १,१४,९६० | ३४,५६० |
| १० लाख | सुमारे ५०,००० कोटी | सुमारे १६ कोटी |

तीस जणांच्या तुकडीत पहिली रीत सरस ठरते. सुमारे ११० जणांच्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात आणि त्यानंतर पहिली रीत मागे पडते ती कायमचीच. सेकंदाला १० कोटी पायऱ्या करणारा संगणक घेतला, तर १० लाख नोंदींना पहिल्या रीतीने ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागेल. दुसऱ्या रीतीने दोन सेकंदही लागणार नाहीत.

स्थिरांक आठऐवजी ऐंशी धरला तरी निकाल तोच राहतो, फक्त बरोबरीची जागा पुढे सरकते. शिवाय स्थिरांक हा बराचसा यंत्राचा आणि भाषेचा गुण असतो. नवा संगणक घेतला की तो बदलतो. n² हा मात्र रीतीचा गुण आहे आणि तो कोणत्याही यंत्रावर तसाच राहतो. म्हणून पहिल्या रीतीला O(n²) आणि दुसरीला O(n log n) म्हणतात.

या लेखनाचा नेमका अर्थ असा: एखादा ठरावीक आकडा c आणि एखादी मर्यादा n₀ अशी सापडते, की n₀ च्या पुढे काम कधीही c × n² पेक्षा जास्त होत नाही. आपल्या उदाहरणात n(n-1)/2 हे नेहमी n²/2 पेक्षा कमीच असते, म्हणून c = 1/2 पुरतो. c कितीही मोठा घेण्याची मुभा व्याख्येतच असल्यामुळे O(8n²) आणि O(n²) यांत फरक उरत नाही. O ही फक्त वरची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवावे. रांग आधीच लागलेली असेल तर इन्सर्शन सॉर्ट केवळ n-1 तुलनांत संपतो.

आपला प्रोग्राम कोणत्या गतीने वाढतो हे घड्याळ लावून ओळखता येते. नोंदी दुप्पट करा आणि वेळ पाहा. वेळ चौपट झाला तर n². दुपटीहून किंचित जास्त झाला तर n log n. नेमका दुप्पट झाला तर n, जसे यादीत एकेक नाव पाहत शोधणे. क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग वगळत शोधले तर १० लाख नोंदींना २० तुलना लागतात आणि २० लाखांना २१. ही log n ची वाढ. आणि एकच नोंद वाढवल्यावर वेळ दुप्पट झाला, तर ती 2ⁿ ची वाढ समजावी. तिथे वेगवान यंत्राचाही फारसा उपयोग नाही.

मोजताना नोंदी पुरेशा घ्याव्यात. शंभरेक नोंदींवर घेतलेली चाचणी फसवी ठरते, कारण तिथे अजून स्थिरांकाचेच राज्य असते. म्हणून तो सोडून द्यायचा तो मोठ्या n साठी, लहान n साठी नव्हे. पायथन भाषेची क्रम लावण्याची सोय याच जाणिवेने बांधलेली आहे. ती लहान तुकडे इन्सर्शन सॉर्टच्याच एका प्रकाराने लावते आणि मग ते तुकडे मर्ज करत मोठी यादी पुरी करते.