गटाचा प्रकल्प, गुण कुणाचे?

नववीच्या वर्गात विज्ञानाचा प्रकल्प दिला की चार-चार मुलांचे गट पडतात. दोन-तीन आठवडे काम चालतं आणि शेवटी प्रत्येक गटाची एक वही शिक्षकांच्या टेबलावर येते. गुण त्या वहीला मिळतात आणि तेच चौघांच्या नावापुढे चढतात. वही कुणी लिहिली, मोजमाप कुणी केलं, चूक कुणाच्या लक्षात आली, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. गटात झटून काम करणाऱ्या मुलाला हे लगेच कळतं आणि मागे बसून राहणाऱ्यालाही कळतं.

यावर शाळांमध्ये हल्ली रुब्रिक वापरलं जातं. रुब्रिक म्हणजे निकषांचा तक्ता. डाव्या बाजूला काय तपासायचं ते निकष असतात आणि प्रत्येक निकषापुढे कामाच्या चढत्या पातळ्यांचं वर्णन असतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपुस्तकात प्रकल्पातली प्रगती आणि सहाध्यायींनी केलेलं मूल्यमापन, दोन्हींचा उल्लेख आहे. त्यामुळे असे तक्ते आता अनेक शिक्षकांना करावे लागतात. पण ‘सहभाग’, ‘सहकार्य’, ‘सादरीकरण’ असे तीन शब्द लिहून त्यांपुढे ‘उत्कृष्ट, चांगला, समाधानकारक’ अशा चौकटी आखल्या, तर अंदाजानेच दिलेल्या गुणांना फक्त तक्त्याचं रूप मिळतं. तक्ता करताना प्रत्येक निकषापुढे आधी एक प्रश्न विचारायला हवा: याचा पुरावा मला कुठे दिसणार आहे, आणि तो गटाचा असेल की एका मुलाचा?

एक प्रकल्प घेऊन हे पाहू. प्रश्न असा: ओढ्याच्या गढूळ पाण्याला किती तुरटी पुरते? एक लिटर पाणी मावेल अशा सहा सारख्या बरण्या घ्यायच्या. 100 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम तुरटी विरघळवली की त्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम तुरटी असते. पाच बरण्यांत हे द्रावण 1, 2, 4, 6 आणि 8 मिलिलिटर घालायचं, सहावीत काहीच नाही. मिनिटभर जोरात आणि मग दहा मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास स्थिर ठेवायचं. मग वरचं पाणी अलगद काढून एका उंच, सरळ काचेच्या नळीत ओतत जायचं. नळीखाली कागदावर काळी फुली असते. फुली दिसेनाशी होते ती उंची मोजायची. उंची जितकी जास्त, तितकं पाणी स्वच्छ.

प्रयोग साधा आहे, पण त्यात चुकायच्या जागा भरपूर आहेत. बादलीतलं पाणी प्रत्येक बरणी भरण्याआधी हलवलं नाही, तर गाळ खाली बसतो आणि शेवटच्या बरणीत जास्त येतो. मग मोजला जातो तो तुरटीचा परिणाम नसून ओतण्याचा क्रम. तुरटी न घातलेली बरणी ठेवली नाही, तर गाळ नुसत्या वेळाने किती बसला असता ते कळत नाही. शिवाय मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे तो कमी होतो आणि कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पण मात्रा फार वाढली तर कणांवर उलटा, धन प्रभार येऊन ते पुन्हा एकमेकांना दूर लोटू शकतात. म्हणजे जास्त तुरटीच्या बरणीत पाणी कमी स्वच्छ निघालं, तर ती चूक असेलच असं नाही. कदाचित तोच या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा शोध असेल.

आता तक्ता. त्यात दोन निकष गटाचे ठेवू: ‘प्रयोगाची आखणी’ आणि ‘नोंदी व निष्कर्ष’. ही कामं चौघांच्या चर्चेतून होतात आणि त्यांचा पुरावा एकाच वहीत असतो, म्हणून गुणही सामाईक. दोन निकष प्रत्येक मुलाचे: ‘विषयाची समज’ आणि ‘गटातला वाटा’. प्रत्येकाला चार पातळ्या. समज दुप्पट धरली की गटाचे 8 आणि स्वतःचे 12, असे 20 गुण होतात.

वैयक्तिक गुणांना एवढं वजन देण्यामागे कारण आहे. 1979 मध्ये बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकेकटं आणि गटात टाळ्या वाजवायला, ओरडायला सांगून आवाज मोजला. गट मोठा होत गेला तसा प्रत्येकाचा आवाज कमी होत गेला. पुढच्या, 1981 मधल्या प्रयोगांत दिसलं की आपला आवाज वेगळा ओळखू येतो आहे असं वाटलं की ही ढिलाई नाहीशी होते. गटात मूल मागे राहतं त्याचं एक कारण त्याचं काम वेगळं दिसत नाही, हे असतं. ते दिसावं अशी सोय तक्त्याने करायची आहे.

पातळ्या लिहिताना सुरुवात तिसरीपासून करावी. नववीच्या मुलाने नीट काम केलं तर ते कसं दिसेल, ते आधी लिहायचं, मग एक पायरी वर आणि दोन खाली. ‘कधीकधी’, ‘बहुतेक वेळा’, ‘नेहमी’ अशा शब्दांनी पातळ्या वेगळ्या करू नयेत, कारण ते मोजायला शिक्षक दिवसभर त्या मुलाजवळ थांबू शकत नाही. ‘प्रयोगाची आखणी’ या निकषाच्या पातळ्या अशा होतील:

पहिली: बरण्यांमध्ये तुरटीखेरीज इतर गोष्टीही बदलल्या आहेत आणि वहीत त्याचा उल्लेख नाही.

दुसरी: पाणी, वेळ आणि ढवळणं सारखं ठेवलं आहे, पण तुरटी न घातलेली बरणी नाही, किंवा असली तरी ती कशासाठी ते सांगितलेलं नाही.

तिसरी: तुरटी न घातलेली बरणी आहे, काय सारखं ठेवलं आणि का ते लिहिलं आहे, आणि मोजमाप पुन्हा करून पाहिलं आहे.

चौथी: तिसरीतलं सगळं आहे, आणि पहिल्या फेरीत दिसलेल्या अडचणीमुळे आखणीत केलेला बदल कारणासह नोंदवला आहे.

यात ‘सुंदर’, ‘परिश्रमपूर्वक’ असे शब्द नाहीत. सजावटीला निकषच नाही. तो ठेवला की थर्माकोल आणि रंगीत कागदाचे गुण विज्ञानाच्या खात्यात जमा होतात, आणि ते काम बरेचदा घरच्या मोठ्यांनी केलेलं असतं.

‘समज’ तपासायला तोंडी प्रश्नांशिवाय उपाय नाही. गटाला पाच-सहा मिनिटं द्यायची, आणि कोणता प्रश्न कुणाला येईल हे आधी सांगायचं नाही. तुरटी न घातलेली बरणी नसती तर काय सांगता आलं नसतं? 80 मिलिग्रॅमच्या बरणीत पाणी कमी स्वच्छ निघालं, याचं काय कारण असू शकेल? एकाने फक्त लिहायचं, दुसऱ्याने फक्त मोजायचं अशी कामाची वाटणी गट करतातच. पण कुणालाही काहीही विचारलं जाणार हे ठाऊक असलं, की ते एकमेकांना समजावूनही सांगतात.

‘वाटा’ हा सगळ्यात निसरडा निकष. ‘चर्चेत भाग घेतो’ असं लिहिलं तर बोलका मुलगा जिंकतो आणि अबोल मुलगी हरते. त्यापेक्षा प्रत्येकाने तासिकेच्या शेवटी दोन ओळी लिहाव्यात: आज मी काय केलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं. तिसरी पातळी अशी होईल: ‘ठरलेलं काम पूर्ण केल्याची नोंद आहे आणि दुसऱ्याच्या सूचनेमुळे स्वतःच्या कामात केलेला किमान एक बदल दाखवता येतो.’ सोबत शिक्षकाचं निरीक्षण हवं. साठ मुलांच्या वर्गात पंधरा गट होतात. दर तासिकेला तीनच गटांजवळ थांबून फक्त याच निकषाची नोंद केली, तर पाच तासिकांत सगळे गट होतात.

एका काल्पनिक गटावर हा तक्ता लावून बघू. आखणीला 3 आणि नोंदींना 3, म्हणजे सामाईक 6. मोजमाप करणारीला समजेत 3, त्याचे दुप्पट 6, आणि वाट्याचे 3, एकूण 15. वही लिहिणाऱ्याने मनापासून काम केलं, वाट्याचे 4, पण कारणं सांगताना अडखळला, समज 2, एकूण 14. तिसरी फारशी बोलत नाही, पण बादली न हलवताच पाणी ओतलं हे तिच्याच लक्षात आलं, तिच्या सूचनेवरून फेरी पुन्हा केली, आणि प्रभाराचं कारणही तिने सांगितलं. समज 4, वाटा 4, एकूण 18. चौथ्याने फक्त तक्ता रंगवला, दोन्हींत 1; एकूण 9. केवळ वहीवरून गुण दिले असते तर 8 पैकी 6 या हिशेबाने चौघांनाही 20 पैकी 15 मिळाले असते.

त्या 9 गुणांशी थांबून चालत नाही. चौथा मुलगा टाळत होता की त्याला साहित्याला हात लावू दिला नाही? गटागटात मुली लिहिण्याला आणि भांडी धुण्याला, मुलं मोजमापाला असं दिसत असेल, तर तो दोष कामाच्या वाटणीत आहे. त्यासाठी दुसऱ्या आठवड्यातच एकदा वाट्याच्या निकषावर नजर टाकावी. तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो. आजारी पडलेल्या मुलाचा वाटा तो हजर होता त्या दिवसांवरूनच ठरवावा.

मुलांनी एकमेकांना गुण द्यावेत का? महाविद्यालयांत एक पद्धत वापरतात. सहकाऱ्यांकडून मिळालेल्या गुणांना गटाच्या सरासरीने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याने गटाचे गुण गुणायचे. सरासरी 30 असताना एखाद्याला 21 मिळाले तर त्याचा गुणक 0.7, आणि गटाच्या 10 गुणांतले त्याला 7. हिशेब चोख आहे, पण चौदाव्या वर्षी मैत्री आणि रुसवेही त्या आकड्यात उतरतात, आणि तीन मित्र मिळून चौथ्याला सहज खाली ओढू शकतात. म्हणून माध्यमिक शाळेत मुलांनी दिलेले गुण थेट मिळवू नयेत. एखाद्याचा आकडा फार वेगळा आला, तर त्याच्या दोन ओळींच्या नोंदी आणि निरीक्षण पुन्हा पाहावं.

तक्ता वापरण्याआधी त्याचीही परीक्षा घ्यावी. मागच्या वर्षीच्या तीन वह्या दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासायच्या. एखाद्या निकषावर दोघांत एका पातळीहून जास्त फरक पडला, तर ते वर्णन संदिग्ध आहे, ते पुन्हा लिहायचं. मग त्यातलीच एक वही, नाव झाकून, प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी मुलांना तक्त्यासह द्यावी आणि तिची पातळी ठरवायला सांगावी. ‘ही तिसरी का, चौथी का नाही?’ यावर त्यांचा वाद होतो, आणि आखणी म्हणजे काय हे बरणी हातात घेण्याआधीच त्यांना उमगू लागतं. तक्ता शेवटच्या दिवशी बाहेर काढला तर तो फक्त गुण देतो. पहिल्या दिवशी दिला तर मुलं त्यावरून प्रयोग सुधारतात.